पट्टी, तांबी आणि आमच्या घरची कड

आमच्या घरात कुणाचं डोकं दुखत नाही, पित्त होतं. आईला होतं, मला होतं, धाकट्या बहिणीला होतं. अर्धं डोकं ठणकतं, उजेड सहन होत नाही, पोटात ढवळतं आणि एकदा उलटी झाली की माणूस शांत झोपतो. मग त्याचं खापर कुणावर तरी फोडायचं असतं. वांग्यावर, तुरीच्या वरणावर, रिकाम्या पोटी घेतलेल्या चहावर, लग्नातल्या जेवणावर. आईने तर तरुणपणी तुरीचं वरण सोडलं ते आजपर्यंत. तिचं पित्त मात्र तिला सोडून गेलं नाही.

पित्त यायच्या आधी कधीकधी आमच्याकडे ‘कड’ येते. हा आमच्या घरचा शब्द आहे. गुलमंडीत आमचं कापडाचं दुकान आहे, आधी वडिलांचं होतं, आता मी आणि माझे मिस्टर बघतो. दुकानात नमुन्याचे तुकडे झिगझॅग कात्रीने कापतात, म्हणजे दोरे निघत नाहीत. त्या तुकड्यांना जशी दातेरी कड असते, तशी एक कड डोळ्यांसमोर उमटते. आधी बारकी, मग चमचमत वाढत जाते, कमानीसारखी वाकते, आणि तिच्या आतलं काहीच दिसत नाही. समोरच्या गिऱ्हाइकाचा अर्धा चेहरा गायब होतो. अर्ध्या तासात कड डोळ्यांच्या बाहेर निघून जाते आणि मग पित्त येतं. “कड आली गं,” असं आई म्हणाली की आम्ही पोरी खिडकीचा पडदा ओढायचो आणि मोरी रिकामी ठेवायचो. त्यापलीकडे त्या कडेबद्दल कुणी कधी काही बोललं नाही. शिंक यायच्या आधी नाकात हुळहुळतं, तसंच हे, सगळ्या जगाला होत असणार असं मी धरून चालले होते.

मी तशी चौकशा करणारी बाई आहे. मिस्टर म्हणतात, “हिला साडी विकायला बसवलं तर ही गिऱ्हाइकाच्या नवऱ्याचं ऑपरेशन कुठं झालं ते विचारून घेते.” खरं आहे ते. पण आपल्याच घरात, आपल्याच डोळ्यांसमोर जे घडतं त्याची चौकशी करायचं काही सुचलं नाही.

दुसऱ्या मुलानंतर मी तांबी बसवून घेतली होती. तिने अंगावरून इतकं जाऊ लागलं की जिना चढताना धाप लागायची. आमच्या डॉक्टर मॅडम शांत स्वभावाच्या आहेत, दर प्रश्नानंतर पेन कागदावर टेकवून उत्तराची वाट बघतात. त्यांनी हार्मोनवाली तांबी सुचवली. तिच्यात तांबं अजिबात नसतं, प्लास्टिकचा छोटा टी असतो आणि त्याच्यातून रोज थोडंथोडं हार्मोन गर्भाशयातच सुटत राहतं. तरी बायका तिला तांबीच म्हणतात, मीही म्हणते. बसवण्याआधी मॅडमनी विचारलं, “मायग्रेन आहे का?”

“छे हो, पित्त आहे.”

“पित्त म्हणजे काय काय होतं?”

मी सगळं सांगितलं. त्या हसल्या. “यालाच मायग्रेन म्हणतात. तुमचं वांगं उगाच बदनाम झालंय. बरं, दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काही वेगळं दिसतं?”

“वेगळं? नाही बाई. वेगळं काही नाही.”

हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. कड वेगळी नव्हतीच, ती नेहमीचीच होती.

तांबी बसल्यावर पहिले काही महिने डोकं जरा जास्तच दुखलं. मॅडमनी तसं आधीच सांगितलं होतं, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो म्हणाल्या होत्या. पुढे ते निवळलं, आणि पाळी हळूहळू कमी होत जवळजवळ थांबलीच. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. पण एक गंमत माझ्या लक्षात आली. पाळी येत नव्हती, तरी ती यायच्या सुमाराला जे डोकं दुखायचं ते दर महिन्याला न चुकता येत होतं. लग्न मोडलं तरी वऱ्हाड दारात उभं! मला काही चैन पडेना. मी नुसतं हे विचारायला मॅडमकडे गेले.

“तुमची तांबी काम करते गर्भाशयात,” त्या म्हणाल्या. “तिथलं अस्तर ती पातळ ठेवते म्हणून पाळी दिसत नाही. पण बहुतेक बायकांचे बीजकोश आपलं काम चालूच ठेवतात. त्यांची हार्मोनं वर जातात, खाली येतात. ती खाली उतरली की काही जणींचं डोकं दुखतं. पाळी थांबली म्हणून तो चढउतार थांबत नाही.”

अस्तर म्हटल्याबरोबर मला समजलं. अस्तरातच आमचा जन्म गेला. घरी येऊन मी हे सगळ्यांना सांगितलं, अगदी मिस्टरांच्या चुलत्यांनाही, तेव्हा ते बिचारे उठून पान आणायला गेले.

याच सुमाराला धाकटी मस्कतहून परत आली. तिच्या मिस्टरांचं तिथलं काम संपलं आणि दोघं इथंच स्थिरावले. तिला शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. धातूचे बारके सुटे भाग भिंगाखाली धरून त्यात चीर आहे का, खाच आहे का हे बघायचं. लग्नाआधी तिने डिप्लोमा केला होता तो इतक्या वर्षांनी कामी आला. नोकरी अजून पक्की नव्हती, वर्षभर बघून मग कायम करणार होते. तिला दोन वर्षं तरी मूल नको होतं. सासूबाई दर सणाला “औंदा तरी पाळणा हलू द्या” म्हणायच्या आणि ही मान डोलावून दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायची. दिवस राहिले तर ही नोकरी जाईल आणि परत मिळणार नाही, हे तिने मला स्वच्छ सांगितलं होतं. ती नोकरी, तेवढी एकच गोष्ट तिला त्या वर्षी हवी होती.

दिवस राहू नयेत म्हणून तिच्याकडे हार्मोनची पट्टी होती. मस्कतला तिथल्या डॉक्टरने लिहून दिली होती आणि येताना तिने पुष्कळ महिन्यांची बरोबर आणली होती. काडेपेटीएवढी, अंगाच्या रंगाची. आठवड्याला एक याप्रमाणे तीन आठवडे कमरेखाली चिकटवायची, मग एक आठवडा काही नाही, त्यात पाळी येते.

“टेबलावर झोपायला नको, काय नको,” ती मला चिडवायची. “तुझं आपलं लई जुनं काम, ताई.”

“माझी एकदा बसली की पुढची काही वर्षं विचार नाही. तुला दर रविवारी आठवण ठेवावी लागते.”

बायका पैठणीचे पदर तोलून बघतात तसं आम्ही दोघी हे तोलायचो. त्यात मला कळलं की तिचंही पित्त वेळापत्रकाने येतं, नेमकं पट्टी नसलेल्या आठवड्यात. मी ताबडतोब माझं नवं ज्ञान पाजळलं. पट्टीतून रोज हार्मोन मिळतं, ते एकदम बंद झालं की खाली उतरतं, म्हणून डोकं. ती विचारात पडली. पुढच्या महिन्यात तिने मधला आठवडा सोडलाच नाही, एक पट्टी काढली की लगेच दुसरी लावली. मी विचारलं तर म्हणाली, असं करणाऱ्या बायका मस्कतला होत्या. आणि खरंच, तिचं डोकं दुखायचं थांबलं. एक महिना, दोन महिने, पित्ताचं नाव नाही. आईने देवाजवळ साखर ठेवली.

“आता नुसती कडच येते,” धाकटी एकदा सहज म्हणाली. आम्ही दुकानात बसलो होतो आणि ती ब्लाऊजपीसच्या गठ्ठ्यावर कोपर टेकून भेळ खात होती. “आधी वर्षात एकदोनदा यायची. आता आठवड्याला येते. पण पित्त नाय ना येत मागून. कड येते न् जाते. फायदाच झाला.”

मलाही तो फायदाच वाटला. वरात आली आणि नवरदेव आलाच नाही, तर जेवणाचा खर्च वाचला, असं काहीतरी मी बोलले आणि आम्ही हसलो.

मग एका दुपारी ती कारखान्यातून लवकर घरी आली, आणि तिथून माझ्याकडे. भिंगाखाली बघताना कड आली, भागाचा अर्धा तुकडा दिसेना. ती थांबली, पाणी प्यायली. तेवढ्यात उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. त्या मुंग्या हळूहळू मनगटावर, कोपरावर चढल्या आणि मग ओठाच्या कोपऱ्यात आल्या. सुपरवायझरने काही विचारलं तर तिला उत्तर माहीत होतं, पण शब्द सापडेना. थोड्या वेळाने सगळं जसं आलं तसं निघून गेलं.

“ऊन लागलं असंल,” आई म्हणाली. ती आमच्याकडेच राहते. “बसमधून उतरून चालत येती. कांद्याचा रस लावा तळपायाला.”

मी धाकटीकडे बघत राहिले. कारखान्यात एसी आहे, ऊन कुठून लागणार? मला भीती वाटली असं आज म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर भीतीच्या आधी मला कोडं पडलं. मुंग्या आल्या त्या अशा रांगेने का चढल्या? आणि डोकं थांबलं असताना कड का वाढली? दोन गोष्टी एकाच घरातल्या, मग एक बसते आणि दुसरी उठते कशी?

तिच्या पट्ट्याही संपत आल्या होत्या. इथं मेडिकलवाल्यांना विचारून झालं होतं, कुणाकडे नव्हत्या. एकाने तर तिला पाठदुखीची पट्टी काढून दाखवली होती. मी म्हटलं, मॅडमना विचारू. तिला घेऊन गेले. दवाखान्याच्या बाहेर चपला काढताना तिने माझा दंड धरला.

“हे बघ ताई, पट्टी कुठं मिळंल तेवढं विचारायचं. मुंग्याबिंग्याचं काढू नको. डॉक्टर लोक काहीही झालं की औषध बंद करायला लावत्यात. मंग मी काय करू? मला दिवस गेले तर बसली घरात.”

“नाही काढत,” मी म्हणाले, आणि तेव्हा मी ते मनापासून म्हणाले.

आत मॅडमनी तिचा रक्तदाब बघितला, वजन, सिगारेट, घरात कुणाला रक्ताच्या गाठी, सगळं विचारलं. मग डोकेदुखीवर आल्या. धाकटीने फुशारकीने सांगितलं, “दुखायचं, पण आता बंदच झालं.”

“दुखायच्या आधी कधी डोळ्यांसमोर काही?”

“नाय,” ती म्हणाली. मीही मानेनं नाही म्हटलं. दोघीही खोटं बोलत नव्हतो.

मॅडम लिहायला लागल्या. आता पट्टीचं विचारून उठायचं होतं. पण माझ्या जिभेवर ते कोडं वळवळत होतं, आणि मुंग्यांचं काढायचं नाही असं ठरलं होतं, कडेचं काही ठरलं नव्हतं.

“मॅडम, एक विचारू का? नुसतं माहितीसाठी. पट्टी सलग लावल्यावर डोकं थांबलं, मग हिची कड का वाढली?”

“कड म्हणजे?”

“कड हो. पित्ताच्या आधी येते ती. डोळ्यांसमोर चमचमती, दातेरी, वाढत जाते ती.” मी हवेत बोटाने कमान काढली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “मी आत्ताच विचारलं, काही दिसतं का, तर तुम्ही दोघी नाही म्हणालात.”

“अहो पण ती काय, सगळ्यांनाच येते ना?”

“मला नाही येत.”

मी दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरकडे बघितलं. त्या ट्रे घेऊन उभ्या होत्या. “मला पण नाय येत,” त्या म्हणाल्या. “कड म्हणजे काय?”

धाकटीने आणि मी एकमेकींकडे बघितलं. इतक्या वर्षांत इतकं मूर्ख मला कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं नवलही. म्हणजे लोकांचं डोकं नुसतंच दुखतं? आधी काही न दिसता? या गावातल्या माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांनी ती कड कधी पाहिलेलीच नाही?

मग मी मुंग्याही सांगून टाकल्या. धाकटीने टेबलाखाली मला चिमटा काढला, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. मॅडमनी तिला एकेक खोदून विचारलं. मुंग्या एकदम आल्या की चढत गेल्या? हात लुळा पडला होता का? किती वेळ? मग त्यांनी नीट समजावून सांगितलं, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता म्हणून मला जास्त धास्ती वाटली.

ही कड म्हणजे मायग्रेनची पूर्वसूचना असते. मेंदूच्या मागच्या भागातून, जिथं दृष्टीचं काम चालतं, तिथून एक लाट हळूहळू सरकत जाते, म्हणून ती डोळ्यांसमोर वाढत जाताना दिसते. तीच लाट पुढे स्पर्शाच्या भागात गेली की मुंग्या चढत जातात, बोलण्याच्या भागात गेली की शब्द सापडत नाहीत. एरवी ती येते आणि निघून जाते. पण जिला अशी कड येते तिला मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकण्याचा, म्हणजे पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. तुमच्या वयात तो धोका मुळात लहानच आहे. पण पट्टीत दोन हार्मोनं असतात आणि त्यातल्या एकाने, इस्ट्रोजनने, तो वाढतो. इस्ट्रोजन खाली उतरलं की डोकं दुखतं, आणि सतत वर राहिलं की काही जणींना कड जास्त येते. सलग पट्ट्या लावून तुम्ही एक दार बंद केलं आणि दुसरं सताड उघडलं.

“कड येणाऱ्या बाईने इस्ट्रोजन असलेलं काही घ्यायचं नाही. ना पट्टी, ना दोन हार्मोनांची गोळी. ही आत्ता काढायची.”

“आत्ता?” धाकटीचा आवाज चिरला.

“आत्ता. पडद्यामागे जा.”

ती पडद्यामागून आली तेव्हा ती पट्टी तिच्या बोटाला चिकटली होती. ती रडत होती, रागाने. “मंग मी काय करू? तुम्हाला काय जातंय म्हणायला. माझी नोकरी हाय. मूल नको म्हणून किती दिवस दोघांनी भिंतीकडं तोंड करून झोपायचं?”

सिस्टर खाली बघून हसल्या. मॅडम नाही हसल्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

“तुमची नोकरी कुठंही जात नाही. एकाच हार्मोनची साधनं आहेत, त्यात इस्ट्रोजन नसतंच. ताईंची तांबी आहे ती त्यातलीच. किंवा दंडात काडी बसवता येते.”

काडी म्हणजे इम्प्लांट. काडेपेटीतल्या काडीएवढी लवचिक, दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवतात, जागा बधीर करून, आणि तीन वर्षं बघायला नको. आता काही सरकारी दवाखान्यांत ती मिळायला लागली आहे, आपल्याकडच्या मोठ्या दवाखान्यात चौकशी करते, असं मॅडम म्हणाल्या. काडीने पाळी अनियमित होते, कधीही थोडंथोडं अंगावरून जाऊ शकतं, आणि डोकं काही जणींचं सुरुवातीला दुखतंही, हेही त्यांनी लपवलं नाही. कड वाढली तर थांबायचं नाही, यायचं. आणि हात, तोंड किंवा बोलणं असं एकदम गेलं तर आमच्याकडेही नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात, ऊन लागलं म्हणत बसायचं नाही. तोवर निरोध. शिवाय मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवायचं, कारण कडेची चाल बदलली आहे.

उठता उठता मला माझी आठवण झाली. “आणि माझी तांबी?”

“तुमच्या तांबीत इस्ट्रोजन नाही, ती राहू द्या. पण कड बदलली तर मला कळलं पाहिजे. आणि ताई, पुढच्या वेळी नेहमीचं काय आहे तेही सांगा.”

धाकटी रिक्षात बाहेर तोंड करून बसली. क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा फक्त म्हणाली, “तू म्हणली होतीस, नाय काढत म्हणून.” मला तिचा राग परवडत होता.

पट्टी काढल्यावर त्या आठवड्यात तिचं डोकं पित्त काय असतं ते दाखवण्याइतकं दुखलं. तसं होणार हे मॅडमनी सांगितलं होतं. मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला, त्यात वावगं काही निघालं नाही, आणि त्यांनीही कड ही कडच आहे, पक्षाघात नाही, म्हणून सांगितलं. मग मॅडमचा फोन आला आणि आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं एका तरुण डॉक्टरणीने आधी लघवीची तपासणी केली, मग धाकटीच्या डाव्या दंडात काडी सरकवली. मला पडद्याच्या फटीतून बघायचं होतं, पण सिस्टरने फट बंद केली. धाकटी बाहेर आली ती दंडावरच्या बँडेजकडे बघत. “झालं?” मी म्हटलं. “व्हय. बांगड्या भरायला जास्त दुखतं,” ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिचा राग गेला.

काडीने तिला सुरुवातीला वैताग दिला. पाळी कधी येईल कधी जाईल याचा नेम नव्हता. एकदोनदा डोकंही दुखलं. पण आठवड्याची कड महिन्यावर गेली, मग दोन महिने आलीच नाही. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, मॅडम म्हणाल्या, काहींचं तसंच राहतं, काहींचं वाढतंही, म्हणून बघत राहायचं. धाकटी बघत राहिली. कारखान्याने तिला कायम केलं तेव्हा ती पेढे घेऊन आमच्याकडे आली.

आई पलंगावर भाजी निवडत होती. आतापर्यंत आम्ही तिला सगळं सांगितलं नव्हतं. पट्टी, काडी हे विषय आईसमोर काढायचे म्हणजे जीभ अडखळते. पण पेढा खाताना धाकटीने बाही वर केली आणि आईचं बोट धरून दंडावर टेकवलं.

“लागती का बघ.”

“काय गं हे? काटा मोडला व्हय?”

मग आम्ही सांगितलं. कड म्हणजे काय, ती सगळ्यांना येत नाही, पट्टीने ती कशी वाढली, पट्टी का काढली. मला वाटलं आई कानावर हात ठेवेल. ती बोट न उचलता ऐकत राहिली, त्या काडीवरून वर खाली फिरवत.

“गोळ्यांनी पण होतं का असं?” तिने विचारलं.

“कसल्या गोळ्या?”

“तू झाल्यावर, आपण वैजापूरला होतो तवा, नर्सबाई घरोघर येऊन द्यायची. मूल नको म्हणून. रोज एक.” ती माझ्याकडे बघत होती. “मी घ्यायला लागले तर कड रोजच्याला यायला लागली. भाकरी थापताना तवा दिसंना, हात पोळला. तुमच्या आजीला सांगितलं तर म्हणली, उष्ण पडल्या. नर्सबाईला सांगितलं तर म्हणली, पित्ताचं निमित्त करू नको. एक दिवस उठले आन् सगळ्या चुलीत घातल्या. कड गेली. आन् मंग ही झाली.”

तिने भाजीची दांडी धाकटीकडे केली.

धाकटी हसली. “म्हणजे मी त्या कडेमुळं जन्मले.”

मीही हसले. आई हसली नाही. पुढचं ती आम्हाला कधी बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली. धाकटीच्या वेळी दवाखान्यात नाव घालायला गेल्यावर नर्सबाईने सगळ्या बायकांच्या देखत सांगितलं होतं की ही बाई निष्काळजी आहे, दिलेल्या गोळ्या घेत नाही, अशा बायकांमुळंच सगळं होतं. वडिलांनीही तेच धरलं. घरात काही विसरलं, दूध उतू गेलं की ते हसत म्हणायचे, “आमच्या हिचं असंच, गोळ्यांसारखं.” ते मला आठवत होतं. लहानपणी मला तो विनोद वाटायचा आणि मी त्यांच्याबरोबर हसायचे. गोळ्या म्हणजे कसल्या, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

मी तिच्याजवळ सरकले आणि म्हणाले, “आई, तू बरोबर केलंस. त्या गोळ्यांत बहुतेक तेच असणार जे हिच्या पट्टीत होतं. तू सोडल्या नसत्या तर काय झालं असतं सांगता येत नाही.”

तिचं बोट अजून धाकटीच्या दंडावर होतं.

“हे डॉक्टरीण म्हणली?”

“हो. मॅडमनीच सांगितलं, कड येणाऱ्या बाईने घ्यायचंच नाही.”

“मंग,” आई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला, “तुझा बाप असता तर त्याला सांगितलं असतंस का हे?”